साइड लोअर

“गाडीत भेटलेल्या त्या मुलाशी इतके महिने बोलत होतीस, मग अचानक का तोडलंस?”

तो फसवा नव्हता. हे आधी सांगते, कारण विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर तेच ऐकायची तयारी दिसते.

आझाद हिंद एक्सप्रेसला आमची दोघांची तिकिटं आरएसीत अडकली होती. आरएसी म्हणजे एका साइड लोअरवर दोन अनोळखी माणसं, समोरासमोर, पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न घेऊन बसलेली. मनमाडला टीसीने त्याला पलीकडच्या डब्यात बर्थ दिला. माझी अख्खी बर्थ मोकळी झाली आणि मला चक्क वाईट वाटलं. सकाळी नागपूरला तो दोन चहा घेऊन परत आला. “माझी जागा दिलीत का कुणाला?” म्हणाला. मी पाय आवरून घेतले. हो, मीही छेडत होते. त्याने माझा नंबर मागितला नाही, स्वतःचा दिला, “वाटलं तर करा” म्हणाला. दरेकसाच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर मी मिस्ड कॉल दिला. रायपूरला मी उतरले, तो टाटानगरपर्यंत पुढे गेला.

नंतरचे सात महिने त्याच सुरात गेले. “साइड लोअर रिकामी आहे का?” हा त्याचा रोजचा पहिला मेसेज, “आरएसी आहे, थांबा” हे माझं उत्तर. मला ते फार आवडायचं. दिवसभर वाट बघायचे.

मग बाबांना अ‍ॅडमिट केलं. रात्री दोन वाजता आयसीयूबाहेरच्या खुर्चीवर बसून मी त्याला लिहिलं, “आज फार भीती वाटतेय.” एवढंच. कशाची ते लिहिलं नाही. निळ्या खुणा आल्या. ‘टायपिंग’ दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं. मी स्क्रीन विझू देत नव्हते, अंगठा फिरवत बसले होते. शेवटी उत्तर आलं: “घाबरू नका मॅडम, वेटिंग क्लिअर होईल.” पुढे डोळा मारणारा चेहरा.

आत बाबा होते. मी फोन पर्समध्ये टाकला.

दोन दिवसांनी त्याचे तीन फोन आले. मी एकही घेतला नाही. बाबा घरी आल्यावरही नाही.

तेव्हा मैत्रिणींना सांगायचे, उथळ आहे तो. आता तसं म्हणवत नाही. बाबांना मधुमेह आहे हेसुद्धा मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्याच्या घरी कोण कोण आहे, हे मी तरी कुठे विचारलं होतं? जो सूर आम्ही दोघांनी मिळून लावला होता, त्याच सुरात तो बोलला. पण मग ते ‘टायपिंग’ मध्येच का थांबलं? काहीतरी वेगळं लिहून त्याने पुसलं असेल, तर चूक माझी. नसेल, तर मी केलं ते बरोबर होतं. हे त्याला विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि नंबर अजून माझ्याकडे आहे.