दुहेरी नॅट : तिसऱ्या आठवड्याची नोंद

ओपनडब्ल्यूआरटीचा राउटर बसवल्यापासून घरातलं वायफाय खूप सुधारलं, पण प्लेस्टेशनच्या नेटवर्क टेस्टमध्ये नॅट टाइप ३ येऊ लागला. नागपूरच्या भाच्याबरोबर पार्टी लावली की माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचायचाच नाही. बाहेरून घरच्या नेटवर्कवर यायला उभारलेला वायरगार्डही जोडला जाईना. शनिवारी लॅपटॉपवर मार्ग तपासला.

```
tracert -d 8.8.8.8
  1   <1 ms   <1 ms   <1 ms  192.168.50.1
  2    1 ms    1 ms    1 ms  192.168.1.1
  3    4 ms    4 ms    5 ms  100.72.0.1
```

पहिली ओळ माझ्या राउटरची, दुसरी फायबर कंपनीने दिलेल्या ओएनटीची. माझ्या राउटरच्या वॅनवरही 192.168.1.2 हा खासगी पत्ताच होता. म्हणजे ओएनटी बाहेर जाताना पत्ता बदलतोय आणि त्याच्यामागे माझा राउटरही बदलतोय, हेच दुहेरी नॅट. तिसरी ओळ तेव्हा मी नीट वाचली नाही, तिच्याकडे पुढे येतो.

दोनदा पत्ता बदलावा लागतो म्हणून गेम मंदावतो, असं मीही धरून चाललो होतो. पण लॅपटॉप थेट ओएनटीला लावून आणि मग राउटरमागे ठेवून पिंग मोजला, तर फरक एका मिलिसेकंदाच्याही आत. खरं कारण स्टन चाचणीत सापडलं. दोन खेळाडूंना थेट जोडताना सर्व्हर एकाचा बाहेरचा पत्ता आणि पोर्ट दुसऱ्याला सांगतो, आणि दोघेही आतून पॅकेट पाठवून आपापली वाट उघडतात. समोर कोणीही असलं तरी बाहेरचा पोर्ट तोच राहिला, तरच हे जमतं. माझा ओएनटी मात्र प्रत्येक नव्या सर्व्हरसाठी वेगळा पोर्ट देत होता, त्यामुळे भाच्याला कळलेला पोर्ट त्याच्या काहीच कामाचा नव्हता. मग आवाज तुटतो, आणि ज्या गेमला मधल्या रिले सर्व्हरची सोय असते त्याचा डेटा वळसा घालून जातो. जाणवतो तो उशीर या वळशाचा. यूपीएनपी चालू असूनही उपयोग नव्हता, कारण कन्सोल पोर्ट मागतो तो फक्त माझ्या राउटरकडे. ओएनटीला त्याची खबरही नसते.

आधी ओएनटीच्या डीएमझेडमध्ये 192.168.1.2 टाकून पाहिलं. टाइप ३ तसाच राहिला, कारण बाहेर जाणारा पोर्ट बदलणं त्याने थांबत नाही. माझा राउटर नुसता ॲक्सेस पॉइंट केला असता तर एक नॅट गेलं असतं, पण नॅटचं काम पुन्हा त्याच ओएनटीकडे गेलं असतं आणि माझं एसक्यूएमही हातचं गेलं असतं. म्हणून ब्रिज मोड, म्हणजे ओएनटीने पॅकेट नुसतं पुढे द्यायचं आणि नॅट फक्त माझ्या राउटरने करायचं.

रविवारची सकाळ त्यातच गेली. पीपीपीओईचा पासवर्ड ओएनटीच्या पानावर ठिपक्यांत दिसतो, तो ग्राहक सेवेला फोन करून नव्याने घेतला. जुन्या सेटिंगचे फोटो काढून ठेवले आणि फक्त इंटरनेटचं वॅन कनेक्शन ब्रिज केलं. लँडलाइनचं कनेक्शन वेगळं असतं, त्याला हात लावला नाही, त्यामुळे बाबांचा फोन चालूच राहिला. राउटरवर एवढंच:

```
uci set network.wan.proto='pppoe'
uci set network.wan.username='...'
uci set network.wan.password='...'
uci commit network
service network restart
```

पहिल्यांदा लॉगमध्ये `Timeout waiting for PADO packets` आलं. ओएनटी स्वतः व्हीलॅन टॅग लावतो, आणि मी राउटरवरही तोच लावून ठेवला होता. राउटरवरचा काढल्यावर काही सेकंदांत लाइन लागली. तुमचा ओएनटी ब्रिजमध्ये टॅग लावत नसेल तर मात्र तो राउटरवरच द्यावा लागेल.

संध्याकाळी प्लेस्टेशनवर टाइप २ आला. भाचा म्हणाला, "मामा, आता स्पष्ट ऐकू येतंय!" दोन तास खेळलो, आवाज एकदाही तुटला नाही.

वायरगार्ड मात्र अजूनही बंदच होता. वॅनचा पत्ता पाहिला तर 100.72 ने सुरू होणारा. 100.64.0.0 ते 100.127.255.255 हा पट्टा २०१२ मध्ये कंपन्यांच्या सामायिक नॅटसाठी राखून ठेवला गेला, म्हणजे आणखी एक नॅट कंपनीकडेच आहे. तिसऱ्या ओळीने ते आधीच सुचवलं होतं. कंपनीचं नॅट बाहेरचा पोर्ट बदलत नाही, म्हणून आतून सुरू होणारा गेम चालतो. पण बाहेरून आपणहून येणाऱ्या जोडणीसाठी तिथे पोर्ट उघडणं माझ्या हातात नाही.

स्थिर आयपीला दर महिन्याचं भाडं आहे, म्हणून आधी आयपीव्ही६ पाहिलं. ब्रिजनंतर `wan_6` वर पत्ता आपोआप आला होता. राउटरच्या फायरवॉलमध्ये यूडीपी 51820 उघडला, वायरगार्डला तो पत्ता दिला आणि मोबाइल डेटावरून लगेच घरी पोचलो. ऑफिसच्या वायफायवर आयपीव्ही६ नाही, तिथून अजून जमत नाही. प्रीफिक्स बदलला की पत्ताही बदलेल, त्यामुळे या आठवड्यात डायनॅमिक डीएनएस बसवतोय.