टाचणीचं टोक

दुपारच्या पेंगेत कागद लावताना टाचणी बोटात घुसते, तेव्हा तिला टोक कुणी काढलं असेल हे सहसा मनात येत नाही. आलंच, तर अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथच्या १७७६ सालच्या पुस्तकातला कारखाना आठवतो. एक जण तार ओढतो, दुसरा ती सरळ करतो, तिसरा तोडतो, चौथा टोक काढतो. अशी सुमारे अठरा कामं, दहा माणसं आणि दिवसाला ४८,००० च्या वर टाचण्या. स्मिथ या आकड्यावर खूश होता.

१८४४ साली पॅरिसमध्ये सव्वीस वर्षांचा मार्क्स स्मिथ वाचत होता. वहीत त्याने मजुरी, नफा आणि जमिनीचा खंड असे तीन उभे रकाने आखले होते. मध्येच रकान्यांना न जुमानता तो सलग लिहीत सुटला, आणि त्यात परात्मतेची, म्हणजे माणसाचं काम त्यालाच परकं होण्याची, मांडणी आली. टाचणी त्यात नाही, ती आपली सोय.

तो चौथा, टोकवाला घेऊ. त्याने काढलेली टोकं संध्याकाळी मालकाच्या गोदामात जातात. टाचण्या त्याला मिळत नाहीत, हे दुःख किरकोळ आहे. तो जितकी जास्त टोकं काढील तितकं मालकाचं भांडवल वाढतं, आणि तेच उद्या त्याच्या मजुरीचा दर पाडायला उभं राहतं. त्याच्याच हातचं त्याच्यावर उलटतं.

पण मार्क्स इथे थांबत नाही, आणि मला तो इथेच आवडतो. वस्तू परकी झाली, कारण काम आधीच परकं झालेलं होतं. सक्ती उठली की कामगार कामापासून प्लेगपासून पळावं तसा पळतो. खाताना, झोपताना तो स्वतःचा असतो. काम करताना नसतो.

मधमाशीही पोळं बांधते, पण पोटापुरतं. माणूस गरज नसतानाही घडवतो, सुंदर म्हणून घडवतो. टोकवाल्याचं हे माणूसपण नुसतं पोट भरायचं साधन होतं. मग शेजारचा तारवालाही त्याला त्याच नजरेने दिसतो, आणि टोकांचा धनी तर समोरच उभा असतो.

इथे हमखास एक चूक होते. परात्मता म्हणजे कामाचा कंटाळा, असं लोक धरून चालतात. टोकवाला गाणं गुणगुणत टोकं काढत असला, तरी गोदाम मालकाचंच. पगारवाढीबद्दलही मार्क्स कडवट आहे: ती म्हणजे गुलामाला बरा मोबदला, एवढंच. (उपाशी टोकवाल्याला हे पटलं असतं का, कोण जाणे.)

शेवटी तो स्वतःलाच विचारतो, की माणूस आपलं श्रम असं परकं करून बसला तरी कसा? पुढे थोडं लिहितो, आणि मजकूर अर्ध्यातच तुटतो. ती पानं पूर्ण छापून आली ती १९३२ साली, तशीच तुटलेली.