जिनिंगमधली उडणारी रुई आणि हेडसेटची चिप

हिंगणघाटकडच्या एका कापसाच्या जिनिंगचं काम आलं होतं. नवीन मजुराला डबल रोलर जिनजवळ उभं करायच्या आधी व्हीआर हेडसेटमध्ये मशीन दाखवायची, कापूस अडकून चोक झाला की पहिले मेन स्विच बंद, मग हात, एवढंच शिकवायचं. जिथून हेडसेट घेतला त्या सप्लायरचं एकच पालुपद होतं की हेडसेटच्या आतल्या चिपवर काही चालत नाही, गेमिंग लॅपटॉप घ्याच. गिऱ्हाईकाला दाखवायचं काय आहे हे न विचारता महागडा लॅपटॉप गळ्यात मारायची ही पद्धत मला अजिबात पटत नाही.

हेडसेट क्वेस्ट ३, आत स्नॅपड्रॅगन एक्सआर२ जेन २. आम्ही ७२ हर्ट्झवर चालवतो, म्हणजे दोन्ही डोळ्यांचं मिळून एक चित्र १३.९ मिलिसेकंदात तयार झालंच पाहिजे, नाही झालं तर मान वळवली की दृश्य अडखळतं आणि माणसाला मळमळायला लागतं. सावल्या आधीच टेक्स्चरमध्ये भाजून ठेवल्या, मॉडेल हलकं केलं, हेडसेट केबलने जोडून लॉग पाहिला:

```
adb logcat -s VrApi
```

FPS=72/72, म्हणजे सेकंदाला ७२ पैकी ७२ चित्रं, आणि App म्हणजे चिपला चित्र काढायला लागणारा वेळ, ९ मिलिसेकंदाच्या आसपास. मी खूश. मग तिथल्या जुन्या फिटर काकांनी हेडसेट घातला, इकडेतिकडे पाह्यलं आणि म्हणाले, "भाऊ, हे जिनिंग नाही वाटत, दवाखाना वाटते. रुई कुठी हाय?"

काकांचं खरं होतं. जिनिंगमध्ये हवेत तंतू उडतातच, बेअरिंगवर, गार्डवर रुईचा थर बसतो आणि आग तिथूनही पेटते. मग उडणारी रुई टाकली. लांबून सगळं ठीक, पण रोलरकडे वाकलं की FPS ५० च्या खाली आणि App १९ वर. हे असं का होते ते सांगतो, कारण पुष्कळ लोक इथे मॉडेलच्या त्रिकोणांना दोष देत बसतात. रुईचा प्रत्येक कण अर्धपारदर्शक, वाकलं की असे कण एकावर एक डोळ्यासमोर येतात आणि तोच पिक्सेल चिपला पुन्हा पुन्हा रंगवावा लागतो. खात्री करायची सोपी रीत अशी की रिझोल्यूशन कमी करून पाहायचं. मी ०.७ केलं, FPS लगेच वर आला, म्हणजे दुखणं रंगवण्याचं आहे, त्रिकोणांचं नाही.

मग लॅपटॉप जोडला. त्याच्या ग्राफिक्स कार्डाला ही रुई काहीच नाही. पण केबल लावली तरी चित्र हेडसेटमध्ये जसंच्या तसं जात नाही, लॅपटॉप त्याचा व्हिडिओ दाबून पाठवतो आणि हेडसेट तो उलगडतो, आणि उडणारी रुई दर फ्रेमला जागा बदलते म्हणून दाबताना नेमकी तिचीच चौकटी चौकटींची माती होते. Oculus Debug Tool मध्ये Encode Bitrate वाढवला तेव्हा कुठं तंतू तंतूसारखे दिसले, आणि काका म्हणाले, "हां, आता बरोबर."

आणि तेवढ्यात लाईट गेली. गेमिंग लॅपटॉप बंद नाही पडत, बॅटरीवर जातो, पण बॅटरीवर ग्राफिक्स कार्डाला पुरेशी पॉवरच मिळत नाही, सेटिंग कितीही बदला. चित्र एकदम झटके द्यायला लागलं, काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला, मी हेडसेट पटकन काढला तर माणूस घामाने ओला. मला फार वाईट वाटलं. शहरातल्या एसी रूममध्ये डेमो देणाऱ्यांना हा प्रश्न कधी पडतच नाही.

रात्री चिपवालंच दुरुस्त केलं. उडणारे कण थोडे आणि बारीक, तेही रोलरजवळच, बाकी बेअरिंग-गार्डवरची रुई टेक्स्चरमध्येच रंगवून टाकली. App १२ वर, अडखळणं बंद. सकाळी काकांनी पाहून सांगितलं, "बेअरिंगवरची दिसते, हे बेस झालं. पण तोंडासमोर येते तशी नाही आली. रोलरजवळचं नाइफचं पातं दिसत नाही म्हणूनच तं पोरगं हात घालते ना."

डोक्यात तेच घोळतंय अजून. फ्रेम वाचवायला मी जी रुई काढली, हात जायचं कारण तीच आहे. मशीनची ओळख, स्विच, आगीच्या जागा, याला चिप पुरते, आणि लाईट गेली तरी हेडसेट साधारण दोन तास चालतो. पण चोकच्या प्रसंगाला चिपवर तेवढी दाट रुई मला जमवता आलेली नाही. मॅनेजर साहेबांना म्हटलंय की तेवढ्या प्रसंगापुरता लॅपटॉप ऑफिसातल्या इन्व्हर्टरच्या लाइनवर घेऊ, ते खर्चाचं पाहून सांगतो म्हणाले.