छपराच्या मॉडेलमध्ये गुणांक १.०६: जास्तीचं पाणी सापडलं

शाळेतल्या मुलांसोबत छपरावरचं पाणी पन्हळीतून टाकीत जमवण्याचं मॉडेल करते आहे. मागच्या नोंदीत त्यावर पाऊस पाडणारा ट्रे जमला होता. आता टाकीत किती पाणी येतं ते मोजून रनऑफ गुणांक काढायचा, म्हणजे छपरावर पडलेल्या पाण्यापैकी किती भाग टाकीत उतरला ते पाहायचं, एवढंच बाकी होतं. त्या 'एवढंच'मध्ये पुढचं सगळं अडकलं आणि आज सुटलं, म्हणून लगेच लिहिते आहे.

रचना तीच आहे. एकपाखी छप्पर, गुळगुळीत पत्रा, रुंदी ६० सेमी, उतारावरची लांबी ५० सेमी. वरची कड खालच्या कडेपेक्षा ३० सेमी उंच, त्यामुळे जमिनीवर सावली पडेल तशी सपाट लांबी ४० सेमी. ३-४-५ चा त्रिकोण मुद्दाम घेतला, कारण नववीतल्या मुलांना पायथागोरसने तो लगेच पडताळता येतो. पाऊस २० मिमी, म्हणजे २ सेमी. टाकीत पाणी आलं ५.१ लिटर.

मुलांनी पत्र्यावर टेप लावून क्षेत्रफळ काढलं: ६० × ५० = ३००० चौ. सेमी. त्यावर २ सेमी पाऊस म्हणजे ६ लिटर. ५.१ भागिले ६, गुणांक ०.८५. पत्र्याच्या छपरासाठी पुस्तकात साधारण ०.८ ते ०.९ देतात, त्यामुळे सगळे खूश. पण सरळ खाली पडणाऱ्या पावसाला उताराची लांबी दिसत नाही. त्याच्या वाटेत येतं ते सपाट क्षेत्रफळ, ६० × ४० = २४०० चौ. सेमी. त्यावर पडलं ४.८ लिटर आणि टाकीत आलं ५.१. गुणांक १.०६! पडलं त्याहून जास्त पाणी जमा झालं. चुकीच्या क्षेत्रफळाने पुस्तकातलं उत्तर यावं आणि बरोबर क्षेत्रफळाने अशक्य उत्तर यावं, याने माझं डोकं उठलं होतं.

पहिला संशय अर्थातच पावसावर गेला. मॉडेल बाजूला करून त्याच जागी, पन्हळीच्या उंचीवर, नऊ डबे मांडले आणि ट्रे तेवढाच वेळ चालवला. मॉडेलच्या चाचणीआधी एकदा आणि नंतर एकदा. डबे सरळ भिंतीचेच हवेत, हे पुन्हा सांगते. वर रुंद आणि खाली निमुळत्या कपात पट्टी बुडवून मोजलेली खोली पावसापेक्षा जास्त भरते. तसेच कप वापरायचे असतील तर पाणी वजन करा (१ ग्रॅम म्हणजे १ मिली) आणि तोंडाच्या क्षेत्रफळाने भागा. सरासरी दोन्ही वेळा २० मिमीच्या अगदी जवळ आली. म्हणजे पाऊस ठीक होता.

मग पत्र्याची खालची कड पाहिली. तांब्यातून हळू ओतलं की पाणी बाहेरच्या अंगाने ओघळतं, तसं इथे पाणी कडेखाली वळून पन्हळीच्या मागे गळत होतं. पक्कडीने कड जेमतेम अर्धा सेमी खाली वाकवली आणि पागोळ्या सुटसुटीत पडायला लागल्या. त्या एका रेषेत पडताना बघत बसावंसं वाटतं! पण याने टाकीतलं पाणी वाढणार होतं, कमी होणार नव्हतं. वरचे ५.१ लिटर हे कड वाकवल्यानंतरचेच आहेत.

उत्तर पन्हळीतच होतं. तिचं तोंड ५ सेमी रुंद आणि ६० सेमी लांब, वरून उघडं. म्हणजे ३०० चौ. सेमीवर पाऊस थेट पडत होता: ६०० मिली. छप्पर आणि पन्हळ मिळून २७०० चौ. सेमी, त्यावर ५.४ लिटर. ५.१ भागिले ५.४ म्हणजे ०.९४. गुळगुळीत, आधीच ओल्या पत्र्याला हे शोभतं. खात्रीसाठी पन्हळीवर बाहेर उतरती पट्टी धरली. तिची आतली कड पत्र्याच्या कडेच्या बरोबर वर, म्हणजे छपराचा पाऊस अडत नाही आणि पन्हळीवरचा बाहेर जातो. टाकीत ४.५ लिटर. ४.८ ने भागलं की पुन्हा ०.९४. दोन वाटांनी एकच आकडा!

खऱ्या इमारतीत हे सहसा लक्षात येत नाही, कारण सपाट लांबी ५ मीटर असलेल्या छपराला १५ सेमीची पन्हळ म्हणजे फक्त ३ टक्के. मॉडेलमध्ये ती साडेबारा टक्के होते. पन्हळ प्रमाणात लहान करता येत नाही, काही मिलिमीटरच्या खाचेत थेंब अडकून बसतात. तेव्हा पन्हळ मोठीच ठेवा आणि हिशेबात धरा. अर्धा कापलेला पाइप मात्र मी आता वापरणार नाही. कापला की कडा आत वळतात आणि तोंडाची रुंदी जागोजागी बदलते. वायरिंगची केसिंग पट्टी सरळ राहते. पाइपवर छापलेला आकडा सहसा बाहेरच्या व्यासाचा असतो, म्हणून विकणारा काहीही सांगो, तोंड स्वतः मोजा.

इथे थांबणार होते, पण एका मुलीने विचारलं, "ताई, हाच पत्रा जवळजवळ उभा केला तर? क्षेत्रफळ तेवढंच राहील, पण पाऊस लागणारच नाही ना?" यापेक्षा चांगली चाचणी मला सुचली नसती. वरची कड ४० सेमीवर नेली, सपाट लांबी ३० सेमी झाली. मुलांनी आधी दोन्ही अंदाज फळ्यावर लिहिले. उताराच्या हिशेबाने काहीच बदलायला नको, पुन्हा ५.१ लिटर. सपाट हिशेबाने १८०० अधिक पन्हळीचे ३००, म्हणजे २१०० चौ. सेमी, ४.२ लिटर पाऊस, ०.९४ ने गुणून सुमारे ३.९५. टाकीत आले ३.९ लिटर. तोच पत्रा, तोच पाऊस, आणि टाकीची रेषा स्पष्ट खाली. उताराचा हिशेब मुलांनी स्वतःच खोडला.

पुढे पहिल्या पावसाचं मळकं पाणी वेगळं काढणारा उभा पाइप आणि त्यातला तरंगणारा चेंडू करायचा होता. तो आता मागे ठेवते. आधी शाळेचं छप्पर मोजू, तेही वर न चढता. सपाट क्षेत्रफळच हवं असेल तर पागोळ्यांनी जमिनीवर पाडलेल्या चऱ्या मोजल्या की काम होतं. भिंती मोजून चालत नाही: ९ × ६ मीटरच्या खोलीला चारही बाजूंनी ६० सेमी वळचण असेल तर छप्पर १०.२ × ७.२, म्हणजे ५४ ऐवजी ७३ चौ. मीटर. दर मिमी पावसाला ५४ नव्हे, ७३ लिटर.

हे सगळं सरळ पडणाऱ्या पावसापुरतं. वाऱ्याने पाऊस तिरका झाला की वाऱ्याकडचं पाखं जास्त पाणी घेतं. हे लिहिता लिहिताच वाटतंय की चेंडूआधी दुपाखी छप्पर करावं, दोन्ही पाख्यांना वेगळ्या टाक्या द्याव्यात आणि बाजूने पंखा लावावा. दुसरा पत्रा आजच कापते.