गोड बातमी, अठ्ठावीसचा रकाना आणि संत्रा बर्फी

यंदाच्या दसऱ्याला मी नऊ घरी सोनं वाटलं आणि नऊही घरी खोटं बोलले. "काही विशेष?" या प्रश्नाला "नाही हो काकू, काहीच नाही" असं हसून म्हणायचं आणि पाया पडायला वाकताना पोट सांभाळायचं. आदल्याच दिवशी, १ ऑक्टोबरला, आमची पहिली सोनोग्राफी झाली होती. ती झाली नसती तर बरं, असं वाटण्यासारखी झाली होती.

लग्नाला तीन वर्षं झाल्यावर नातेवाईकांना गोड बातमी कशी सांगितली, ते मला लिहायचं होतं. पण त्या सोनोग्राफीचा राग अजून गेलेला नाही, तेव्हा आधी तो.

घरच्या टेस्टवर दोन रेघा आल्या, नवरा तासभर बाथरूमच्या दारात ती पट्टी धरून उभा राहिला, डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून दिली. इथवर सगळं सुरळीत. धंतोलीतल्या त्या सेंटरवर रिसेप्शनच्या मुलीने सांगितलं, लिटरभर पाणी प्या, लघवीला जाऊ नका. प्यायले. मग 'एफ' फॉर्म भरायचा. नाव, पत्ता, आधी किती मुलं, शेवटच्या पाळीची तारीख, आणि खाली सही की मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. हा कागद कायद्याचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. शेवटची पाळी १५ ऑगस्टची; लक्षात ठेवायला सोपी. तिने लिहिली आणि पुढचा माणूस बोलावला. पाळी किती दिवसांनी येते, हे तिने विचारलं नाही, तिच्या कागदावर त्याला जागाही नव्हती, आणि मला सांगायचं सुचलं नाही. हे तेवढं लक्षात ठेवा, पुढे त्यावरूनच सगळं रामायण झालं.

दोन तास बसवून ठेवलं. पावणेदोन तासांनंतर मी खुर्चीवर नीट बसूही शकत नव्हते. आत गेल्यावर सोनोग्राफीवाले डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर वरून नीट दिसत नाही, आतून करावी लागेल, लघवी करून या. म्हणजे ते लिटरभर पाणी आणि ते दोन तास फुकट. (पहिलीच सोनोग्राफी असेल तर रिसेप्शनला आधी विचारा, पोटावरून करणार की आतून. आतून करायची असेल तर मूत्राशय रिकामं लागतं.)

मग पडद्याकडे बघत ते म्हणाले, "तारखेने सहा आठवडे पाच दिवस व्हायला हवेत. दिसतंय त्याहून लहान. पिशवी आहे, हार्टबीट नाही. बारा दिवसांनी या." आणि हातमोजे काढले. मी काहीतरी विचारणार, तर नर्सने पुढचं नाव पुकारलंही होतं. बाहेर नवरा दोन्ही घरी एकाच वेळी फोन लावायची तयारी करून बसला होता. माझा चेहरा बघून त्याने फोन खिशात टाकला.

आमचा बेत असा होता की ठोके दिसले की आईवडील, तिसरा महिना सरला की बाकीचे. आता बारा दिवस कोणालाच काही सांगायचं नाही, आणि मधे दसरा. दीक्षाभूमीच्या गर्दीमुळे अर्धे रस्ते बंद, म्हणून नवरा मला स्कूटरवर मागे बसवून गल्लीबोळांतून घेऊन गेला. दर खड्ड्याला स्कूटर एवढी हळू की मागचे लोक शिव्या देत होते. सासूबाईंनी घरी आल्यावर विचारलं, "स्कूटर बिघडून राहिली का तुमची?"

पाचव्या दिवशी मी नागपूरच्या महाल भागात आजीकडे गेले. आजी म्हणजे आईची आई, वय ८४, दात चार, नजर शाबूत. मामीने तर्री पोहे समोर ठेवले. मी जन्मभर वरून तर्री मागून घेणारी. तो लाल तवंग बघितला आणि तोंडावर पदर... पदर कुठला, ओढणी धरून मोरीकडे पळाले. परत आले तेव्हा आजीने मामीला काहीतरी आणायला बाजारात धाडलं होतं.

"कितवा चालू हाय वं?"

मी रडायलाच लागले. सगळं सांगितलं, पिशवी आहे, ठोका नाही, तारखेपेक्षा लहान आहे. आजीने ऐकून घेतलं आणि बोटांच्या पेरांवर मोजायला घेतलं. नऊ महिने नऊ दिवस. मला तेव्हा माहीत नव्हतं, पण डॉक्टरही जवळपास तेच करतात. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरून नऊ महिने आणि सात दिवस पुढे. आजीच्या आणि डॉक्टरांच्या हिशेबात फरक दोन दिवसांचा.

मोजता मोजता ती थांबली. "पण तुह्यी पाळी तं महिना उलटून चार-पाच दिवसांनी येते ना? कालेजात होती तवापासून. तुही माय मले सांगे."

"हो."

"मंग ते आठ दिवस त्यायनं धरले का?"

मी मोबाईलवरचा तो तारीख काढणारा हिशेब उघडला, ज्यावर विश्वास ठेवून आम्ही २२ मे ही तारीख मनात पक्की केली होती. खाली एक बारीक रकाना होता, पाळीचं चक्र किती दिवसांचं. त्यात आपोआप २८ भरलेलं. मी त्याला कधी हातच लावला नव्हता. माझं चक्र ३५ दिवसांचं. ३५ टाकलं, तर तारीख सरकून २९ मे झाली. म्हणजे १ ऑक्टोबरला मी सहा आठवडे पाच दिवसांची नव्हतेच, पाच आठवडे पाच दिवसांची होते. ज्यांची पाळी उशिरा येते त्यांचं बीजही उशिरा सुटतं, तितकं बाळ लहानच असणार. आणि सहा आठवड्यांच्या आत ठोका दिसेलच असं नसतं.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, हे आधी सांगायचं ना! मग जुळतंय सगळं." पण लगेच पुढे हेही म्हणाल्या की जुळलं म्हणून दुसरी सोनोग्राफी टाळायची नाही, कारण कधीकधी बाळ खरंच वाढत नसतं आणि ते फक्त पुन्हा बघूनच कळतं, आणि मधे रक्त गेलं किंवा पोटात जोरात दुखलं तर बारा दिवस मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी यायचं. उरलेले दिवस मी हिशेबावर विश्वास ठेवायचा प्रयत्न केला. रात्री दोन वाजता तो उडून जायचा. नवऱ्याने कॅलेंडरवर त्या दिवसांवर खुणा केल्या होत्या, तर सासूबाईंना वाटलं दुधाचा हिशेब आहे, आणि त्यांनी दूधवाल्याचे पैसे कापले. ते त्याला नंतर चुकते केले.

१३ ऑक्टोबरला पुन्हा तेच सेंटर, या वेळी रिकाम्या मूत्राशयाने. मी आडवी होण्याआधीच सांगून टाकलं, "माझी पाळी पस्तीस दिवसांची." डॉक्टरांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. "मग सांगायचं होतं," म्हणाले. मी काही बोलले नाही, कारण तेवढ्यात पडद्यावर तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी लुकलुकायला लागलं होतं. दहा मिलिमीटर, ठोके १४२. सात आठवडे तीन दिवस. आजीचा हिशेब तंतोतंत.

त्या संध्याकाळपासून खरी गंमत. सासऱ्यांची काटोलला संत्र्याची बाग आहे, माणूस बोलतो तो फक्त मालाबद्दल. नवऱ्याने संत्रा बर्फीचा डबा समोर ठेवला आणि वर चिठ्ठी: 'नवा माल मे अखेर पोहोचेल.' सासऱ्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. "मे मध्ये कुठला माल? आंबिया डिसेंबरात संपते, मृग मार्चात." आम्ही गप्प. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, हातातलं चिवड्याचं उलथनं तसंच वर राहिलं, आणि मग त्या जे ओरडल्या ते खालच्या मजल्यावर ऐकू गेलं. सासरे मात्र शांतपणे म्हणाले, "आंबियालेही फुलापासून तोड्यापर्यंत नऊ महिने लागतेच." आणि डोळे पुसले.

सासूबाईंना पुढे कळलं की आजीला आठवडाभर आधीच माहीत होतं. दोन दिवस चहात साखर कमी होती. म्हणून सांगते, दोन्ही घरी एकाच संध्याकाळी सांगा, आणि कोणाला आधी कळलं असेल तर त्या व्यक्तीला आश्चर्य वाटण्याचा सराव द्या. माझ्या आजीला तो जमला नाही. आईने फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हो, मीच तं तारीख काढली."

"सध्या कोणाला सांगू नका" या वाक्याचा आमच्या घरात अर्थ 'एकेकालाच सांगा' असा होतो. आईने फक्त मावशीला सांगितलं. मावशीने फक्त मामीला. भाऊबीजेपर्यंत गोंदियाच्या एका काकांचा अभिनंदनाचा फोन आला, ज्यांना मी लग्नानंतर पाहिलेलं नाही. तिसऱ्या महिन्यातल्या चोरओटीला, जी नावाप्रमाणे गुपचूप भरायची असते, अकरा बायका आल्या. आणि प्रत्येकीचा पहिला उद्गार एकच: "२९ मे? नवतपात?" मे अखेरचे ते नऊ होरपळणारे दिवस नागपुरात राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाहीत. कूलर कोणता घ्यावा यावर आमच्याकडे नावापेक्षा जास्त चर्चा झाली आहे.

मित्रांना आम्ही बारा आठवड्यांच्या सोनोग्राफीनंतर कळवलं, फोटो टाकून. तो फोटो टाकताना वरची पट्टी कापा. तिच्यावर आपलं पूर्ण नाव, वय आणि सेंटरचं नाव छापलेलं असतं. आमचा पहिला फोटो तसाच गेला आणि शाळेतल्या मैत्रिणीने अभिनंदनाच्या आधी "एकतीस? तू तर एकोणतीस सांगत होतीस" असं लिहिलं.

शेवटचा घोळ बर्फीनेच घातला. मित्र, ऑफिस, शेजारी, सगळीकडे आम्ही संत्रा बर्फी वाटली, कारण सासऱ्यांचा आग्रह होता की संत्र्याचंच काहीतरी. पेढा म्हणजे मुलगा आणि बर्फी म्हणजे मुलगी, हे आम्हा दोघांच्या डोक्यातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी आत्यासासूबाई दार लावून घेऊन, आवाज खाली आणून म्हणाल्या, "मुलगी आहे हे तुम्हाला सांगितलं कोणी? त्या डॉक्टरला जेल होईल, माहीत आहे ना? १९९४चा कायदा आहे!" मी सांगितलं की कोणी सांगितलं नाही, फॉर्मवर सहीसुद्धा केली आहे, ही फक्त बर्फी आहे. त्यांचा विश्वास बसला नाही. जाताना त्यांनी डब्यातली आणखी दोन उचलली आणि म्हणाल्या, "असो. मुलगी असली तरी कूलर मोठाच घ्या."