एकतीस दोनदा कुठून आला?

जर्नलवर एक सही मिळवायला मला स्टाफरूमच्या तीन फेऱ्या माराव्या लागल्या. दोन्ही वेळा जर्नल परत आलं ते एकाच पानासाठी, बबल सॉर्टच्या ट्रेस टेबलसाठी. त्या पानावर लाल गोल आणि खाली 'पुन्हा तपास'. नेमकं काय तपासू, ते नाही. मार्चमधलं सोलापूरचं ऊन, दुपारी दीडची वेळ, सात रस्त्यापासून सायकल हाणत जायचं, बाहेर ताटकळायचं आणि तेवढे दोन शब्द घेऊन घरी यायचं.

आकडे साधेच होते. चढत्या क्रमाने लावायचे होते. दुसऱ्या फेरीला मी नेलेलं टेबल असं:

```
सुरुवात   ५२  १७  ६४  ३१   ९  ४८
पास १     १७  ५२  ३१   ९  ४८  ६४
पास २     १७  ३१   ९  ३१  ४८  ६४
पास ३     १७   ९  ३१  ३१  ४८  ६४
पास ४      ९  १७  ३१  ३१  ४८  ६४
```

मी फक्त शेवटची ओळ बघत होते. ९, १७, ३१, ३१, ४८, ६४. चढत्या क्रमात आहे की! मग चूक कुठली? दोन संध्याकाळी मी हेच टेबल नव्याने उतरवून काढलं आणि प्रत्येक वेळी तेच बरोबर वाटलं. माझ्याच अक्षरातलं, त्यामुळे डोळे नुसते घसरत जायचे.

शेवटी दादाने बघितलं. तो एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, सॉर्टिंगचा आणि त्याचा काही संबंध नाही. म्हणाला, "आकडे नुसते जागा बदलतात ना? मग आडवी बेरीज मार की." पहिल्या ओळीची बेरीज २२१. पास १ ची २२१. पास २ ची २००! तिथून खाली सगळीकडे २००. "आता एकवीसचा फरक कुठल्या दोन आकड्यांत आहे ते बघ," तो म्हणाला. ५२ वजा ३१. म्हणजे ५२ गायब, आणि त्याच्या जागी ३१ दुसऱ्यांदा आलेला. मला हसू आलं आणि रागही आला, कारण ५२ हा अख्ख्या यादीतला पहिलाच आकडा.

तो गेला कसा, हे समजायला मात्र अर्धा तास लागला. पास २ मध्ये ५२ आणि ३१ ची अदलाबदल मी बरोबर केली होती. त्यानंतर तुलना हवी होती ५२ आणि ९ ची, कारण ५२ आता एक घर पुढे सरकलेला. पण मी प्रत्येक पासची एकच ओळ लिहीत होते, मधल्या तुलना मनात. त्यामुळे नजर गेली वरच्या जुन्या ओळीकडे. तिथे त्या घरात अजून ३१ च होता. मी ३१ आणि ९ ची अदलाबदल करून टाकली. ५२ वर लिहिला गेला ३१, आणि पुढचे पास त्या चुकीच्या ओळीवर अगदी नियमाप्रमाणे चालले. म्हणून तर शेवट नीटनेटका दिसत होता.

बरोबर पास २ असा: १७, ३१, ९, ४८, ५२, ६४. पास ३ मध्ये ९ एक घर डावीकडे, पास ४ मध्ये आणखी एक, झालं. पास ५ मध्ये अदलाबदल शून्य.

तुलनेगणिक एक ओळ लिहा, कागद लागला तर लागू दे. नाहीतर मी नंतर केलं तसं चिठ्ठ्यांवर आकडे लिहून हातानेच सरकवा. चिठ्ठी एकच असते, त्यामुळे ३१ दोनदा येऊच शकत नाही.

पहिल्या फेरीचं सांगायचं राहिलं. तेव्हाची चूक वेगळी होती आणि तिथे बेरीज २२१ च आली असती. आतल्या लूपची अट होती `j < n-1-i`. कोडमध्ये `i` शून्यापासून सुरू होतो, पण कागदावर मी 'पास १' लिहिलं म्हणून `i` ला १ धरलं. पहिल्या पासमध्ये पाचऐवजी चारच तुलना झाल्या, ६४ आणि ४८ समोरासमोर आलेच नाहीत. शेवटी ४८ टोकाला लटकलेला दिसला, तो मी गुपचूप जागेवर नेऊन बसवला. सरांनी बरोबर तिथेच गोल केला होता, हे आता कळतंय.

ही चूक बेरजेत सापडत नाही, शेपटीत सापडते. पास १ नंतर सगळ्यात मोठा आकडा टोकाला हवा, पास २ नंतर त्याच्या अलीकडे दुसरा मोठा. ही एक नजर टाकली असती तर माझी दुसरी चूकही पास २ लाच पकडली गेली असती, कारण ६४ च्या अलीकडे ५२ ऐवजी ४८ बसला होता.

तिसऱ्या फेरीला सरांनी पान अर्धा मिनिट पाहिलं आणि सही केली. प्रत्येक ओळीच्या कडेला पेन्सिलने लिहिलेल्या २२१ वर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "टॉवेलचा हिशेब, सर."