वेन आकृतीतली रिकामी पाकळी

बालविकास प्रकल्पाच्या कार्यालयात मी आकडेवारी सांभाळते. अंगणवाड्यांतून येणाऱ्या वजन-उंचीच्या याद्या तपासायच्या, त्यांचा गोषवारा करायचा आणि आढावा बैठकीआधी साहेबांच्या हातात द्यायचा, हे माझं काम. आमचा भाग डोंगराळ आहे. पावसाळा सरला की मुलांची वजनं घसरलेली असतात, त्यामुळे सप्टेंबरची यादी मी जरा जास्तच बारकाईने बघते. त्या वर्षी एका बीटमधल्या 240 मुलांची यादी आली आणि तिच्यासोबत पर्यवेक्षिका मॅडमनी एक आकृतीही जोडली होती. तीन रंगांची, एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळं. बैठकीत पडद्यावर दाखवायला बरी दिसेल म्हणून त्यांनी ती मुद्दाम करून घेतली होती.

तीन वर्तुळं म्हणजे कुपोषणाची तीन मोजमापं. वयाच्या मानाने उंची कमी असली तर मूल खुजं, वयाच्या मानाने वजन कमी असलं तर कमी वजनाचं, आणि उंचीच्या मानाने वजन कमी असलं तर रोडावलेलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली दिलेल्या वाढीच्या तक्त्यात मध्यापासून दोन प्रमाण विचलनं खाली गेलं की मूल त्या गटात धरतात. यादीत खुजी मुलं 84, कमी वजनाची 80 आणि रोडावलेली 46 होती.

साहेबांनी कागद हातात घेतला आणि बेरीज केली. "दोनशे दहा? अहो, दोनशे चाळीसातली दोनशे दहा मुलं कुपोषित? हे साडेसत्त्याऐंशी टक्के झालं. जिल्ह्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

ही बेरीज भल्याभल्यांकडून होते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं खुजी, 36.1 टक्के कमी वजनाची आणि 25.6 टक्के रोडावलेली आहेत. तिन्ही मिळवले तर 96.9 टक्के येतात, म्हणजे राज्यात धडधाकट मूल जवळपास उरतच नाही. अर्थात तसं नाही. एकच मूल दोन किंवा तिन्ही गटांत बसतं आणि तितक्या वेळा मोजलं जातं. कोणत्या ना कोणत्या गटात असलेली मुलं एकूण किती, हे नुसत्या या तीन टक्केवाऱ्यांवरून सांगताच येत नाही. ती 36.1 पेक्षा कमी नाहीत आणि 96.9 पेक्षा जास्त नाहीत, एवढंच खात्रीने म्हणता येतं. पुढे जायचं तर गट एकमेकांत किती मिसळलेत ते कळायला हवं.

ते आमच्या यादीत होतं, कारण आमच्याकडे एकेका मुलाची ओळ होती. खुजी आणि कमी वजनाची 52, कमी वजनाची आणि रोडावलेली 30, खुजी आणि रोडावलेली 20, तिन्ही असलेली 14. मग समावेश-वर्जनाचा नियम लावायचा. यादीतून डोळे मिटून एक मूल निवडलं तर ते खुजं असणं ही घटना ख, कमी वजनाचं असणं ही व आणि रोडावलेलं असणं ही र. तिन्हीपैकी किमान एक घडण्याची संभाव्यता अशी:

```
P(ख ∪ व ∪ र) = P(ख) + P(व) + P(र)
             − P(ख ∩ व) − P(व ∩ र) − P(ख ∩ र)
             + P(ख ∩ व ∩ र)
```

दोन गटांत असलेलं मूल पहिल्या ओळीत दोनदा मोजलं जातं, दुसऱ्या ओळीत एकदा वजा होतं, हिशेब जमतो. तिन्ही गटांतलं मूल मात्र आधी तीनदा मोजलं जातं आणि मग तीनदाच वजा होतं, म्हणजे मोजणीतून पुसलंच जातं. शेवटची ओळ त्याला परत आणते. आमच्या आकड्यांत: 84 + 80 + 46 − 52 − 30 − 20 + 14 = 122. दोनशे चाळीसात एकशे बावीस, म्हणजे संभाव्यता 0.51 च्या आसपास. हेही काही थोडं नाही. पण साडेसत्त्याऐंशी टक्के वेगळे आणि एक्कावन्न वेगळे.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. "झालं तर मग. एकशे बावीस लिहा आणि ती आकृती लावा."

आकृती तशीच लावता येत नव्हती. काढणाऱ्याने जिथे दोन वर्तुळं एकमेकांवर येतात त्या पाकळ्यांत 52, 30 आणि 20 असेच लिहिले होते आणि मधोमध 14. पण पाकळी म्हणजे 'ही दोनच, तिसरं नाही' असा भाग. 52 मध्ये मधले 14 आधीच धरलेले आहेत. अशा आकृतीत खुज्या मुलांचं वर्तुळ बेरजेला घेतलं तर 52, 20 आणि 14 मिळून 86 होतात, आणि गट तर 84 चाच. वेन आकृती नेहमी मधून बाहेर भरत जायची. आधी मधले 14. मग 52 मधून 14 गेले, खुजी आणि कमी वजनाची पाकळी 38. तीसमधून 14 गेले, कमी वजनाची आणि रोडावलेली 16. वीसमधून 14 गेले, खुजी आणि रोडावलेली 6. मग फक्त खुजी 26, फक्त कमी वजनाची 12, फक्त रोडावलेली 10. सातही भागांची बेरीज 122. नियमाने आलेलं उत्तर आणि चित्रातलं उत्तर जुळलं.

आणि तरीही माझी नजर त्या 6 वर अडकली.

त्या पाकळीत मूल असूच शकत नाही. मूल वयाच्या मानाने बुटकं आहे, आणि त्या बुटक्या उंचीच्या मानानेही त्याचं वजन अपुरं आहे, तर वयाच्या मानाने ते वजन पुरेसं कसं असेल? तक्ता उघडून पाहिलं तरी तेच दिसतं. तीन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाची उंची 88.7 सेंटिमीटरच्या खाली असेल तर तो खुजा. तेवढ्या उंचीला रोडावलेपणाची सीमा साधारण साडेदहा ते पावणेअकरा किलोवर येते. आणि तीन वर्षांच्या मुलाला कमी वजनाचं ठरवणारी सीमा आहे 11.3 किलो. जो पहिल्या दोन्ही रेषांच्या खाली आहे, तो तिसरीच्या खाली असणारच. पीटर स्वेडबर्ग या स्वीडिश अर्थतज्ज्ञाने कुपोषणाची ही तीन मोजमापं एकत्र मांडली तेव्हा त्याच्या वर्गवारीत या भागाला जागाच नव्हती. (फक्त कमी वजनाची 12 मुलं मात्र खरी असू शकतात: थोडं बुटकं, थोडं बारीक, दोन्हीकडे सीमेच्या अलीकडे, पण दोन्ही मिळून वजन सीमेपलीकडे.)

मॅडमना फोन लावला. "मॅडम, या सहा मुलांची मूळ मापं हवीत. हो-नाहीचे रकाने नकोत, किलो आणि सेंटिमीटर."

सहाही मुलं दोनच अंगणवाड्यांतली निघाली. संध्याकाळी मॅडम स्वतः रजिस्टर घेऊन आल्या. एक ओळ अजून डोळ्यांसमोर आहे: मुलगा, वय 36 महिने, उंची 88.0, वजन 10.1. खुजेपणाच्या रकान्यात हो, रोडावलेपणाच्या रकान्यात हो, कमी वजनाच्या रकान्यात नाही. 10.1 हे 11.3 पेक्षा कमी आहे हे कुणालाही दिसेल. मग 'नाही' आलं कुठून? मागचं पान उलटलं. जूनमध्ये त्याचं वजन 11.3 होतं आणि तेव्हाच्या वयाला ते सीमेच्या किंचित वर होतं.

उलगडा असा झाला. महिन्याच्या वजनाच्या दिवशी ही मुलं अंगणवाडीत आलीच नव्हती, म्हणून सेविकाताईंनी कमी वजनाचा रकाना मागच्या नोंदीवरून भरला. नंतर उंची मोजणारं पथक घरोघरी गेलं, त्यांनी उंची आणि वजन दोन्ही घेतलं आणि त्यावरून उरलेले दोन रकाने भरले. एकाच ओळीत दोन वेगवेगळ्या महिन्यांचं मूल उभं होतं. आणि मुलं आली का नव्हती? ताईंनी फोनवर सांगितलं, "जुलाब आणि ताप होता हो मॅडम, घरातून हलतच नव्हती." वजन ज्या दुखण्याने उतरलं, त्याच दुखण्याने ती नोंदीतून सुटली होती.

पथकाच्या वजनाने रकाना दुरुस्त केला. सहाही मुलं कमी वजनाची ठरली. त्या दिवशी गैरहजर असलेल्या बाकीच्यांच्या नोंदी तपासल्या, त्यांच्यात फरक पडला नाही. कमी वजनाची 80 ची 86 झाली, खुजी आणि कमी वजनाची 58, कमी वजनाची आणि रोडावलेली 36, तिन्ही असलेली 20. पुन्हा नियम लावला: 84 + 86 + 46 − 58 − 36 − 20 + 20 = 122.

एकूण आकडा जसाच्या तसा. सहा मुलं पाकळीतून मध्यभागी सरकली, पण तिन्ही वर्तुळांच्या एकत्रित सीमेबाहेरून कुणी आत आलं नाही की आतून बाहेर गेलं नाही. आम्ही फक्त 122 लिहून कागद पुढे पाठवला असता तर ही चूक कधीच सापडली नसती, कारण चुकीच्या आणि बरोबर आकड्यांतून नियम तेच उत्तर देतो. शेवटच्या दोन पदांकडेही बघा: −20 + 20. नोंदी ठीक असतील तर ती दोन पदं एकमेकांना खातात आणि या तीन मोजमापांपुरता नियम 84 + 86 + 46 − 58 − 36 एवढाच उरतो.

बैठकीच्या दृष्टीने काहीच बदललं नाही, मुलांच्या दृष्टीने सगळं बदललं. घरभेट आणि जादा आहारासाठी आम्ही पहिली यादी काढतो ती तिन्ही गटांत असलेल्या मुलांची, कारण खुजं आणि रोडावलेलं असं दोन्ही असलेल्या मुलाच्या जिवाला धोका सर्वांत जास्त असतो. त्या यादीत 14 नावं होती. ती 20 झाली. साहेबांनी कागद शांतपणे वाचला आणि म्हणाले, "त्या सहा जणांकडे उद्याच डॉक्टर पाठवा. आकृती नंतर बघू."

आता प्रत्येक बीटच्या तक्त्यात मी एक खाना ठेवते. D मध्ये खुजेपणा, E मध्ये कमी वजन, F मध्ये रोडावलेपणा, हो म्हणजे 1, नाही म्हणजे 0:

```
=COUNTIFS(D:D,1,E:E,0,F:F,1)
```

इथे शून्य यायला हवा. एक जरी आला तरी ती ओळ परत रजिस्टरकडे जाते, आणि बहुतेक वेळा तिथे जुनं वजन सापडतं. जन्मतारीख चुकलेली असेल तर मात्र हा खाना काहीच बोलत नाही. वय चुकलं की खुजेपणा आणि कमी वजन दोन्ही सोबतच सरकतात आणि पाकळी रिकामीच राहते. त्यासाठी माता-बाल संरक्षण कार्ड हातात घेऊन तारीख ताडून बघावी लागते, आणि ते काम अजून मॅडम आणि ताई घरोघरी जाऊनच करतात.